मदत हवी आहे: थायोसायनेटच्या बॅक टायट्रेशनमध्ये लाल रंग टिकत नाही, क्लोराइड कमी येतं

कैरी_ब्राइन

नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लोणच्याच्या कारखान्यात लॅब बघते. सध्या कैरीचा सीझन आहे. फोडी ज्या ब्राइनमध्ये ठेवतो त्यातलं मीठ रोज काढावं लागतं.

पद्धत अशी आहे. १० मिली ब्राइन २५० मिलीपर्यंत पातळ करते, त्यातलं १० मिली कोनिकल फ्लास्कमध्ये घेते, ५ मिली ६ नॉर्मल नायट्रिक अॅसिड आणि थोडं पाणी टाकते. मग पिपेटने २५ मिली ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. पांढरा साका पडतो. मग १ मिली फेरिक अलमचं द्रावण टाकून उरलेलं सिल्व्हर ०.१ नॉर्मल पोटॅशियम थायोसायनेटने टायट्रेट करते.

अडचण शेवटाला येते. विटकरी लाल रंग दिसतो, फ्लास्क फिरवला की जातो. अजून दोन थेंब टाकले की येतो, परत जातो. कुठे थांबायचं तेच कळत नाही. म्हणून वाळवलेल्या मिठापासून बरोब्बर ०.१ नॉर्मल सोडियम क्लोराइड करून त्याचं १० मिली घेतलं. थायोसायनेट १५.०० लागायला हवं. पटकन थांबले तर १५.३० येतं, थोडं फिरवलं तर १५.५५, रंग टिकेपर्यंत टाकत राहिले तर १५.७०. म्हणजे क्लोराइड १० ऐवजी ९.३० मिलीएवढं, ७ टक्के कमी.

क्लोराइड न टाकता नुसतं २५ मिली सिल्व्हर घेतलं तर थायोसायनेट अगदी २५.०० लागतं आणि रंगही टिकतो. मग चूक कुठे आहे? इंडिकेटर खराब झाला असेल का? लॅबमध्ये कूलर आहे, एसी नाही, आणि सध्याचं नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

पहिला_थेंब

इंडिकेटर चांगला आहे, नाहीतर नुसत्या सिल्व्हरला तरी नीट रंग कसा आला असता? तुम्ही फ्लास्क जास्त फिरवून राहिल्या. मी तं पहिला लाल रंग दिसला की थांबतो, मग हलवतच नाही. जितकं हलवाल तितकं थायोसायनेट जास्त खाईल.

बीएस्सी_तिसरं_वर्ष

ताई, पोटॅशियम क्रोमेट इंडिकेटर घेऊन सरळ सिल्व्हर नायट्रेटनेच टायट्रेट का करत नाही? आम्हाला प्रॅक्टिकलला तसंच होतं. बॅक टायट्रेशनची गरजच पडत नाही. आणि ब्रोमाइड आम्ही याच थायोसायनेटच्या पद्धतीने केलं होतं, तेव्हा रंग अजिबात गेला नव्हता.

जुनी_ब्युरेट

मी नागपूरच्याच एका कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झालो. कैरीताई, तुम्ही नुसत्या सिल्व्हरचं टायट्रेशन करून पाहिलंत हे फार छान केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे. द्रावणं बरोबर, इंडिकेटर बरोबर. दोष फक्त सिल्व्हर क्लोराइडचा साका फ्लास्कमध्ये असतानाच दिसतो, म्हणजे त्या साक्याचंच काहीतरी होतंय.

होतं असं. द्रावणात मोकळं सिल्व्हर आहे तोवर थायोसायनेट तेच पकडतं आणि सिल्व्हर थायोसायनेटचा पांढरा साका पडतो. मोकळं सिल्व्हर संपलं की पुढचा थेंब फेरिककडे जातो आणि लाल रंग येतो. इंडिकेटरचं काम एवढंच: सिल्व्हर संपल्याची बातमी द्यायची. पण तुमच्या फ्लास्कमध्ये तेव्हा सिल्व्हर क्लोराइडही बसलेलं असतं, आणि ते सिल्व्हर थायोसायनेटपेक्षा जास्त विरघळतं. विद्राव्यता गुणाकार बघा, एकाचा १.८ × १०⁻¹⁰, दुसऱ्याचा साधारण १.१ × १०⁻¹². म्हणून थायोसायनेट फेरिकला सोडून साक्यातलं सिल्व्हर ओढून घेतं आणि क्लोराइड परत द्रावणात येतं. रंग जातो. तुम्ही अजून थेंब टाकता, तेही तिकडेच जातात.

बीएस्सी, तुझं ब्रोमाइडचं निरीक्षण इथे उपयोगी आहे. सिल्व्हर ब्रोमाइड हे सिल्व्हर थायोसायनेटपेक्षाही कमी विरघळतं, त्यामुळे त्याच्या साक्याला थायोसायनेट हात लावत नाही. क्लोराइडचीच ही अडचण आहे. क्रोमेटचं मात्र इथे जमणार नाही. त्याला जवळपास न्यूट्रल द्रावण लागतं. कैरीची ब्राइन आंबट, आणि अॅसिडमध्ये क्रोमेटचं डायक्रोमेट होऊन लाल साका वेळेवर पडतच नाही. ब्राइन आधी न्यूट्रल करून घेतली तर करता येईल, पण मग ती वेगळी पद्धत झाली.

कैरी_ब्राइन

काका, कारण समजलं. पण मग मी टाकत राहिले तर सगळं सिल्व्हर क्लोराइड संपेपर्यंत थायोसायनेट जात राहायला हवं होतं ना? १५.७० ला रंग टिकला कसा?

जुनी_ब्युरेट

चांगला प्रश्न. क्लोराइड द्रावणात साठत गेलं की ते उलट दिशेने दाब देतं. दोन्ही साके एकत्र असताना द्रावणातलं क्लोराइड हे मोकळ्या थायोसायनेटच्या सुमारे १६० पट झालं की ओढाताण थांबते.

तुमचेच आकडे घेऊ. १ मिली अलम टाकलं तर शेवटी १०० मिलीमध्ये फेरिक जवळपास ०.०१ मोलर असतं. एवढ्या फेरिकमध्ये डोळ्याला लाल दिसायला मोकळं थायोसायनेट साधारण ५ × १०⁻⁶ मोलर हवं. त्याच्या १६० पट म्हणजे ८ × १०⁻⁴ मोलर क्लोराइड. १०० मिलीमध्ये हे ०.०८ मिलिमोल, म्हणजे तुमचं ०.१ नॉर्मल थायोसायनेट ०.८ मिली जास्त जाणार. तुमचं ०.७ गेलं. डोळ्याने बघायच्या रंगावर मांडलेला हिशोब आहे, त्या मानाने फारच जवळ आला.

पहिला_थेंब

म्हणजे मी म्हटलं तेच झालं नं. हलवायचं नाही.

जुनी_ब्युरेट

अर्धं बरोबर आहे तुमचं. हलवलं की ही अदलाबदल वेगाने होते, हे खरं. पण सिल्व्हर थायोसायनेटचा ताजा साका मोकळं सिल्व्हर स्वतःच्या अंगावर धरून ठेवतो. जोरात हलवलं नाही तर ते सुटत नाही आणि लाल रंग वेळेआधीच दिसतो. मग थायोसायनेट कमी लागतं आणि क्लोराइड जास्त येतं. तुमच्या पद्धतीत एक चूक वर ओढते, दुसरी खाली. कधी जुळतं, कधी नाही, आणि त्या दिवशी काय झालं हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. साका मध्ये नसेल तरच बिनधास्त हलवता येतं.

म्हणून गाळा. सिल्व्हर टाकल्यावर फ्लास्क दोन-तीन मिनिटं उकळा, साका गोळा होऊन खाली बसतो. थंड करून गाळा, कागदावरचा साका अगदी पातळ नायट्रिक अॅसिडने तीन-चार वेळा धुवा आणि ते धुवणही गाळलेल्या द्रावणातच घ्या. धुणं टाळलंत तर साक्याला चिकटलेलं सिल्व्हर कागदावर राहील आणि क्लोराइड जास्त येईल. इंडिकेटर गाळल्यानंतर टाका. उकळण्याचा अजून एक फायदा: जुन्या नायट्रिक अॅसिडमध्ये नायट्रस अॅसिड असतं, ते थायोसायनेटबरोबर स्वतःच लाल रंग देतं. उकळल्यावर ते निघून जातं.

साइट_इंजिनिअर

मी काँक्रीटमधलं क्लोराइड तपासून घेतो, आयएस ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलोची मर्यादा असते. आमची लॅब गाळत नाही, नायट्रोबेन्झीन टाकून जोरात हलवते. हा धागा वाचून धास्ती वाटली. रिझल्ट कमी येत असेल तर नापास व्हायचं काँक्रीट पास होऊन जाईल. त्यांचं बरोबर आहे का?

फार्मा_बुटीबोरी

बरोबर आहे, घाबरू नका. नायट्रोबेन्झीन पाण्यात मिसळत नाही, साक्याच्या कणांवर त्याचा थर बसतो आणि थायोसायनेट आत पोचत नाही. फक्त ते थायोसायनेटच्या आधी टाकून नीट हलवलेलं असावं. पण कैरीताई, तुमच्याकडे फ्यूम हूड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ते कातडीतूनही शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. खाण्याच्या कारखान्यात ती बाटली नकोच. आम्ही त्याऐवजी डायब्युटाइल थॅलेट वापरतो.

तिसरा मार्गही आहे, फेरिक भरपूर वाढवायचं. ०.२ मोलर फेरिक असेल तर लाल रंग फारच कमी थायोसायनेटला दिसतो, त्यामुळे वरच्या हिशोबातली ०.८ मिलीची चूक ०.०४ वर येते. गाळायची कटकट नाही.

जुनी_ब्युरेट

हिशोब मान्य. पण त्यासाठी तिच्या १०० मिलीमध्ये २५ मिलीच्या आसपास अलमचं द्रावण ओतावं लागेल. एवढ्या फेरिकचा स्वतःचा पिवळेपणा येतो, त्यात पहिली लाल झाक ओळखायला सवयीचा डोळा लागतो. मी गाळण्यावरच राहीन.

फार्मा_बुटीबोरी

नायट्रिक अॅसिड पुरेसं ठेवलं तर पिवळेपणा बराच कमी होतो. तुलनेला थायोसायनेट न टाकलेला एक फ्लास्क शेजारी ठेवायचा. आमच्याकडे दिवसाला वीस सॅम्पल असतात, गाळत बसलो तर संध्याकाळ होईल.

कैरी_ब्राइन

सगळ्यांचे आभार. आज गाळून केलं. सोडियम क्लोराइडच्या १० मिलीला थायोसायनेट १५.०५ लागलं आणि रंग टिकला. मग कालच्याच ब्राइनचं पातळ केलेलं द्रावण घेतलं. न गाळता १५.४० लागलं होतं, म्हणजे सिल्व्हर ९.६० मिली, मीठ ५६.१ मिलिग्रॅम. माझ्या १० मिलीमध्ये मूळ ब्राइन ०.४ मिली असते, त्यामुळे १०० मिलीमध्ये १४.०३ ग्रॅम. गाळून थायोसायनेट १४.७० लागलं, तिथून १५.०५ ग्रॅम येतं. आमचा हायड्रोमीटरही १५ च्या आसपास दाखवत होता. लॅबचा आकडा कमी म्हणून टाकीत अजून मीठ टाकायला सांगत होते, ते आज थांबवलं.

एक गोष्ट अजून सुटली नाही. सकाळी आठला केलेली टायट्रेशन्स जुळतात, दुपारी तीनला गाळूनसुद्धा रंग हळूहळू फिका पडतो. वाचन ०.१ ने इकडेतिकडे होतं.

पहिला_थेंब

गाळताना साका कागदातून खाली उतरत असेल. बारीक कागद घ्या.

जुनी_ब्युरेट

ते होऊ शकतं, गाळलेलं द्रावण धुरकट दिसतं का बघा. पण दुपारीच होत असेल तर मला उष्णतेचा संशय आहे. हे टायट्रेशन २५ अंशांच्या खाली करायचं असतं. गरम द्रावणात नायट्रिक अॅसिड थायोसायनेटचं ऑक्सिडेशन करतं आणि लाल रंगही फिका होतो. उकळलेला फ्लास्क तुम्ही कशात थंड करता?

कैरी_ब्राइन

नळाच्या पाण्यात. दुपारी टाकीचं पाणी एवढं तापलेलं असतं की हात घालवत नाही. गाळलेलं द्रावण मला तरी स्वच्छ वाटलं.

जुनी_ब्युरेट

मग बर्फाच्या पाण्यात थंड करा आणि फ्लास्कमध्ये थर्मामीटर धरून बघा. दुपारी तीनलाच नुसत्या सिल्व्हरचंही एक टायट्रेशन करा. एंडपॉइंट आल्यावर तो फ्लास्क तसाच ठेवा. त्यात क्लोराइडचा साका नाहीच, तरी रंग गेला तर उष्णता. तिथे रंग टिकला आणि ब्राइनमध्ये गेला, तर पहिला_थेंब यांचा कागदाचा मुद्दा धरून दोन पदरी कागदाने गाळून बघावं लागेल.

फार्मा_बुटीबोरी

आणि दोन्ही फ्लास्कचं तापमान इथे लिहा. आमच्या लॅबला एसी आहे, त्यामुळे ४० अंशाला हे नेमकं किती बिघडतं ते मी कधी पाहिलेलं नाही.