तेलाचा भाव ‘झिरपतो’ म्हणावं का?

मांडवीकर (बडोदे): आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. कच्चं तेल महागलं की त्याचा परिणाम महागाईत, विमान कंपन्यांच्या शेअरांत आणि रुपयाच्या दरात कसा उतरतो, हा विषय. मी तिन्हीकडे ‘झिरपतो’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘संक्रमित होतो’ केलं. मला त्यात तापाची साथ दिसते. तुम्ही काय लिहिलं असतं?

शब्दनिष्ठ (इंदूर): संक्रमणच बरोबर. सूर्याचंही संक्रमण होतं, त्यात ताप कुठे आला? अर्थशास्त्राच्या लेखाला शास्त्रीय शब्दच हवा.

सुरसागर (बडोदे): झिरपणे छान आहे, पण माझा अनुभव उलटा. मुलीकडे विमानाने जाते. पेट्रोल उतरलं तरी तिकीट उतरत नाही. मग झिरपतं काय?

कोयलीकर (बडोदे): रिफायनरीत हिशेब खात्यात नोकरी झाली, म्हणून लिहितो. ताई, विमानात पेट्रोल नाही, रॉकेलच्या जातीचं इंधन जातं आणि त्याचा भाव तेल कंपन्या दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतात. तिकिटं मात्र कित्येक आठवडे आधी विकलेली असतात. इंधन वाढलं तर विकून झालेल्या तिकिटांवरचा तोटा कंपनीच सोसते.

मांडवीकर, तुमची अडचण क्रियापदाची नाही, वेगाची आहे. शेअर त्याच दिवशी पडतो. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश, आणि शेअर घेणारा पुढच्या तिमाह्यांचा नफा आजच मोजतो. तिथे ‘झिरपणे’ चालणार नाही. रुपयावर दाब येतो तो तेल कंपन्या जास्त डॉलर घ्यायला लागल्या की. महागाईला महिने लागतात, कारण डिझेल आधी ट्रकच्या भाड्यात जातं आणि मग भाजीच्या भावात. झिरपणे फक्त इथे ठेवा.

शब्दनिष्ठ (इंदूर): म्हणजे एका संकल्पनेला तीन शब्द? परिभाषा अशी होत नसते.

दलाल स्ट्रीट (ग्वाल्हेर): सोपं आहे. आपण 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. तेल वाढलं की रुपया पडतो, उतरलं की सावरतो. ‘उमटणे’ लिहा, तिन्हीकडे चालेल.

कोयलीकर (बडोदे): पहिलं निम्मं खरं. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया डॉलरला 68 च्या पार गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तीन सरकारी तेल कंपन्यांना वेगळ्या खिडकीतून डॉलर दिले, त्यांची मोठी खरेदी बाजारावर पडू नये म्हणून. पण 2014 च्या मध्यापासून जानेवारी 2016 पर्यंत कच्चं तेल 110 डॉलरच्या आसपासहून 30 च्या खाली आलं, तरी रुपया 60 वरून 67 च्या पुढे घसरला. परकी पैसा कुठे जातोय, यावरही दर ठरतो. आणि त्याच काळात सरकार उत्पादनशुल्क वाढवत गेलं, म्हणून पंपावरचा भाव कच्च्या तेलाइतका उतरला नाही.

तेल आणि डॉलर दोन्ही एकदम चढले तर काय होतं ते आकड्यांत पाहा. आकडे समजण्यापुरते आहेत. पिंप 80 डॉलर, डॉलर 83 रुपये, म्हणजे पिंपाला 6640. पिंपात सुमारे 159 लिटर, तर लिटरला 41.8 रुपये. तेल 88 आणि डॉलर 85 झाला की पिंप 7480 रुपयांचं, लिटर 47 चं. तेल 10 टक्केच वाढलं, आपल्याला वाढ साडेबारा टक्क्यांहून जास्त. विमान कंपनीला तर विमानांची भाडीही डॉलरमध्येच द्यावी लागतात. म्हणून तिचा शेअर तेल आणि रुपया या दोन्हींकडे पाहून हलतो.

मांडवीकर (बडोदे): हे उदाहरण मी तळटीपेत घेतो. लेखात पुढे ‘रुपयाचं अवमूल्यन’ आलंय. ते राहू दे ना?

शब्दनिष्ठ (इंदूर): मुळीच नाही! अवमूल्यन सरकार जाहीर करतं. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 झाला, ते अवमूल्यन. जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत केलं, तेही. बाजारात होते ती घसरण.

दलाल स्ट्रीट (ग्वाल्हेर): रोजची वर्तमानपत्रं दोन्हींना अवमूल्यनच म्हणतात. वाचकाला समजतं, मग अडवायचं कशाला?

शब्दनिष्ठ (इंदूर): कारण निर्णय कोणी घेतला तेच त्यातून पुसलं जातं.

सुरसागर (बडोदे): आमच्या शेजारणी महागाईला मोंघवारी म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलंय. महाग आणि मोंघं एकच का?

शब्दनिष्ठ (इंदूर): दोन्ही ‘महार्घ’वरून. आणि ‘समर्घ’वरून गुजरातीत सोंघं, मराठीत सवंग. सवंग म्हणजे मुळात नुसतं स्वस्त, हलक्या दर्जाचं नव्हे.

दलाल स्ट्रीट (ग्वाल्हेर): आज ‘सवंग तिकीट’ लिहून पाहा, कोण घेईल!

सुरसागर (बडोदे): माझी आजी सवंग म्हणायची, आणि ते कौतुकाने. बाजारातून सवंग वांगी आणली की तिचा दिवस चांगला जायचा.

मांडवीकर (बडोदे): अंक शुक्रवारी छापखान्यात जातोय. शेअरांसाठी कोणतं क्रियापद घेऊ, तेवढं कुणी सांगेल का?

शब्दनिष्ठ (इंदूर): संक्रमण.