मदत हवी आहे: स्टँडअलोनला 64 कोटी नफा, कन्सॉलिडेटेडला 9 कोटी तोटा, तरी ईपीएस अधिक 1.90. हे कसं?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा बंदरातून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एका कंपनीचे 2,000 शेअर घेतले. कंपनी प्लास्टिकचे पाइप बनवते. नाव मुद्दाम लिहीत नाही. परवा वार्षिक निकाल आले. बाबांनी पेपरात वाचलं, 64 कोटी नफा. मी ठाण्याहून परतताना ट्रेनमध्ये बीएसईवरची पीडीएफ उघडली. त्याच फाइलमध्ये पुढच्या पानावर 9 कोटी तोटा! पहिल्या पानावर स्टँडअलोन लिहिलंय, दुसऱ्यावर कन्सॉलिडेटेड.

दोन वेगळे आकडे असतात हे ऐकून होते. पण त्या तोट्याच्या खाली ईपीएस अधिक 1.90 छापलाय. स्टँडअलोनचा 6.40 आहे. शेअर एकूण 10 कोटी. तोट्यात असलेल्या कंपनीची शेअरमागे कमाई अधिक कशी? बाबा म्हणतात छपाईची चूक असेल. मला तसं वाटत नाही. लाभांशावर आईच्या औषधांचा खर्च भागतो, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

गुंतवणूक_वेडा

ताई, सरळ आहे. स्टँडअलोन म्हणजे कंपनी एकटी, कन्सॉलिडेटेड म्हणजे उपकंपन्यांसकट. कायम कन्सॉलिडेटेडच बघायचं. टाटा मोटर्सचं 2008-09 आठवा. जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. स्टँडअलोनला सुमारे 1,001 कोटी नफा आणि कन्सॉलिडेटेडला सुमारे 2,505 कोटी तोटा. फक्त पहिलं पान वाचणाऱ्याला वेगळीच कंपनी दिसली असती.

ॲन्युअल रिपोर्टमध्ये एओसी-1 नावाचा तक्ता असतो. त्यातले उपकंपन्यांचे आकडे टाका, जुळवून देतो.

लालबागची_लेक

मिळाला. दोन उपकंपन्या आहेत. एक पाण्याच्या टाक्या बनवते. ती पूर्ण आपल्या कंपनीच्या मालकीची आहे, नफा 22 कोटी, आणि तिने 20 कोटी लाभांश दिलाय. दुसरी ठिबक सिंचनाची, तिच्यात आपला वाटा 60 टक्के, तोटा 70 कोटी. स्टँडअलोनच्या इतर उत्पन्नात 58 कोटी दिसतात: टाक्यांच्या कंपनीचा लाभांश 20, ठिबकच्या कंपनीला दिलेल्या 300 कोटींच्या कर्जावरचं व्याज 30, बँकेतल्या ठेवींचं व्याज 8.

गुंतवणूक_वेडा

64 अधिक 22 वजा 70, म्हणजे 16. घरातल्या घरातलं उत्पन्न कन्सॉलिडेटेडमध्ये धरत नाहीत, म्हणून लाभांशाचे 20 आणि व्याजाचे 30 वजा. आले उणे 34. कंपनी उणे 9 दाखवते. 25 कोटींचा तोटा कुठे गेला? मला तर लपवाछपवी वाटते.

भिवंडीचा_कारखानदार

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या दोन प्रायव्हेट लिमिटेड आहेत, एक यंत्रमागाची, एक वाहतुकीची. दोन्हींचे शेअर मी आणि माझी बायको यांच्या नावावर. आम्हालाही असं एकत्र करावं लागेल का? सीए कधी बोलला नाही.

जुनी_खातेवही

भिवंडीचे दादा, आधी तुमचं. तुमच्या दोन्ही कंपन्यांचे मालक तुम्ही आहात, एका कंपनीच्या हातात दुसरीचे शेअर नाहीत. वर होल्डिंग कंपनीच नसेल तर एकत्रित हिशेब कोण बनवणार? यंत्रमागवाल्या कंपनीने वाहतूकवालीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले, तर एकत्रित हिशेब मागणारं कंपनी कायद्याचं कलम 129 लागू होईल. तेव्हा सीएला जरूर विचारा.

आता वेडा, तुमचं. लाभांश वजा केलात ते बरोबर. टाक्यांच्या कंपनीचा 22 कोटी नफा आपण पूर्ण धरला, मग त्यातूनच वर आलेले 20 पुन्हा धरणं म्हणजे एकच पैसा दोनदा मोजणं. पण व्याजाचं तसं नाही. आपली कंपनी आई आणि ठिबकवाली लेक असं समजा. आईच्या वहीत 30 जमा आहेत आणि ठिबकच्या वहीत तेच 30 खर्च आहेत. ठिबकचा 70 कोटींचा तोटा हे 30 भरूनच आलेला आहे. दोन्ही वह्या एकत्र केल्या की जमा आणि खर्च दोन्ही पुसले जातात आणि नफ्यात काही फरक पडत नाही. तुम्ही ते 30 दोनदा कापलेत.

म्हणजे उणे 4 आले. कंपनीचे उणे 9. राहिले 5 कोटी. ताई, आपली कंपनी ठिबकवालीला पाइप विकते का?

लालबागची_लेक

हो काका, संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेत विक्री दिसते.

जुनी_खातेवही

मग ते 5 बहुतेक तिथलेच. आईने लेकीला पाइप विकले की आईच्या स्टँडअलोनमध्ये विक्रीही दिसते आणि नफाही. पण 31 मार्चला ते पाइप लेकीच्या गोदामात पडून असतील, तर समूहाच्या दृष्टीने काहीच विकलं गेलं नाही, माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला इतकंच. त्या पडून राहिलेल्या मालातला नफा कापावा लागतो. एकत्रित हिशेबाच्या शेवटच्या टिपांमध्ये एक तक्ता असतो, कोणत्या कंपनीचा नफ्यात किती वाटा तो. त्याच्या तळाला समूहांतर्गत वजावटीची ओळ असते. तिथे उणे 25 असलं तर 20 लाभांशाचे आणि 5 मालातले.

आता ईपीएस. तोट्याच्या आकड्याखाली दोन बारीक ओळी आहेत बघा, मालकांचा वाटा आणि नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट. ठिबकचे 40 टक्के दुसऱ्या भागीदाराचे आहेत. हिशेब एकत्र करताना तिचा तोटा पूर्ण 70 धरतात, 60 टक्के नाही, कारण ताबा पूर्ण आपला आहे. मग तळाशी वाटणी होते. 70 चे 40 टक्के म्हणजे 28 भागीदाराच्या माथी. उणे 9 मध्ये ते 28 परत मिळवले की आपल्या भागधारकांचे अधिक 19 उरतात. 19 भागिले 10 कोटी शेअर, 1.90. छपाईची चूक नाही.

लालबागची_लेक

तक्ता सापडला, ओळ उणे 25 च आहे. बाबांना कागदावर मांडून दाखवलं, त्यांनी दोनदा बेरीज केली. मग खरा नफा 19 धरायचा ना?

दादरची_कर्जखिडकी

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. आमच्याकडे आधी स्टँडअलोनच बघतात. कर्ज ज्या कंपनीला देतो, फेडायला तीच बांधील असते. उपकंपनीची जमीन किंवा तिची रोकड हिशेबात एकत्र दिसली तरी आमच्या हाताला लागत नाही. लाभांशाचंही तसंच, कायद्याने तो कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातून ठरतो. त्यामुळे 'कायम कन्सॉलिडेटेड' हे मला पटत नाही.

पण ताई, 19 वर मी विसंबणार नाही. ठिबकवालीला बँकेचं कर्ज आहे का आणि त्याला हमी कोणाची आहे ते बघा. भागीदाराने 28 कोटी सोसले हे वहीत. बँक वसुलीला आली की ती हमीदाराकडे जाते.

लालबागची_लेक

स्टँडअलोन ताळेबंदात कर्ज 150 कोटी, एकत्रित 550. संभाव्य देण्यांच्या टिपेत लिहिलंय: उपकंपनीच्या बँक कर्जासाठी दिलेली कॉर्पोरेट गॅरंटी, 400 कोटी. भागीदाराच्या हमीचा कुठे उल्लेख दिसत नाही.

जुनी_खातेवही

दादरच्या ताईंनी नेमकी जागा दाखवली. ते 400 स्टँडअलोन ताळेबंदाच्या आकड्यांत नाहीत, मागे टिपेत आहेत. एकत्रित ताळेबंदात ते कर्ज म्हणून समोर येतात आणि आईने लेकीला दिलेले 300 मात्र दोन्हीकडून पुसले जातात. दोन्ही पानं सोबत ठेवून वाचायची ती यासाठी. जुन्या नियमांत भागीदाराचं भांडवल संपलं की उरलेला तोटा आईवर यायचा. इंड एएस या आताच्या हिशेबाच्या नियमांत त्याचा वाटा उणे झाला तरी त्याच्याच नावावर लिहीत राहतात. त्यामुळे 19 सारखा आकडा आणखी काही वर्षं बरा दिसू शकतो.

आता आणखी दोन गोष्टी तपासा. स्टँडअलोनच्या कॅश फ्लोमध्ये 'मिळालेलं व्याज' किती आहे? आणि एओसी-1 मध्ये ठिबकवालीचं भांडवल आणि साठलेला तोटा किती?

लालबागची_लेक

काका, कॅश फ्लोमध्ये मिळालेलं व्याज फक्त 8 कोटी. नफा-तोटा पत्रकात 38 आहे. भांडवल 300, साठलेला तोटा 190.

जुनी_खातेवही

म्हणजे रोख आलं ते ठेवींचंच. ठिबकचे 30 कोटी फक्त लिहिलेत, हातात आलेले नाहीत. 64 कोटींच्या नफ्यातला तेवढा भाग लेकीने कधीतरी पैसे दिले तरच खरा होणार.

भांडवलाचं म्हणाल तर 300 तून 190 गेले, उरले 110. त्यातला आपला 60 टक्के वाटा 66 कोटी. स्टँडअलोन ताळेबंदात ही गुंतवणूक मूळ किमतीला, म्हणजे 180 ला लिहिलेली असेल. कन्सॉलिडेटेडमध्ये तोटा दरवर्षी उतरत गेला, स्टँडअलोनमध्ये अजून एक रुपयाही उतरलेला नाही. तो उतरतो तेव्हा बहुतेक एकाच वर्षी, 'अपवादात्मक बाब' म्हणून. त्या वर्षी लाभांशालाही धक्का बसू शकतो.

गुंतवणूक_वेडा

व्याजाचं माझं चुकलं, मान्य. पण मग ऑडिटरने 180 कमी करायला का नाही लावलं? 110 उरलेत हे त्याला दिसतंच की.

जुनी_खातेवही

पुस्तकी किंमत कमी झाली म्हणजे लगेच गुंतवणूक कमी करावी लागते असं नाही. कंपनी पुढच्या काही वर्षांच्या कमाईचा अंदाज मांडते, त्याची आजची किंमत काढते, आणि ती 180 च्या वर निघाली तर तरतूद टळते. सगळा खेळ त्या अंदाजातल्या वाढीच्या दरावर. नवा कारखाना असेल तर सुरुवातीचा तोटा साहजिकही असतो, हेही लक्षात घ्या. ऑडिटरच्या अहवालात त्याला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या बाबी 'की ऑडिट मॅटर' म्हणून देतात, तिथे या गुंतवणुकीचा उल्लेख आहे का?

लालबागची_लेक

आहे. अर्धं पान आहे. व्यवस्थापनाचे अंदाज तपासले, असं लिहिलंय, पण वाढीचा दर दिलेला नाही. ठिबकवालीचा स्वतंत्र ताळेबंद कंपनीच्या संकेतस्थळावर सापडला, त्यात बँकेच्या कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या वर्षी सुरू होतो.

बाबा म्हणतात एजीएमला, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेला, प्रश्न विचारूया, नाव नोंदवून ऑनलाइन बोलता येतं. दोन प्रश्न लिहून ठेवलेत: 300 कोटींवरचं व्याज रोख कधी मिळणार, आणि 400 कोटींच्या हमीत भागीदाराचा वाटा किती. तिसरा कोणता विचारू?

दादरची_कर्जखिडकी

तो पहिला हप्ता ठिबकवाली स्वतःच्या रोकडीतून भरणार की आई पुन्हा पैसे देणार, हे विचारा.