मदत हवी आहे: ई.टी.एस.च्या प्लेट हीट एक्स्चेंजरला १ अंश अप्रोच आणि ५० केपीए, दोन्ही जमतं का?

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात एका ऑफिस इमारतीच्या एनर्जी ट्रान्सफर स्टेशनसाठी ५०० टनांचा, म्हणजे साधारण १७५८ किलोवॉटचा गॅस्केटेड एक्स्चेंजर निवडतोय. डिस्ट्रिक्ट कूलिंगचं पाणी ५ अंशाला येतं आणि १३ ला परत जायला हवं. आपल्या बाजूला १४.५ चं ६.५ करायचं, म्हणजे अप्रोच १.५. दोन्हीकडे प्रवाह सारखाच, ताशी सुमारे १८९ घनमीटर. त्यामुळे एलएमटीडीही १.५ आणि एनटीयू ५.३.

आता कन्सल्टंट म्हणतात, अप्रोच १ करा, पण प्रेशर ड्रॉप ५० केपीएच्या आतच ठेवा. ८ अंशांचा फरक तोच ठेवला तर एनटीयू थेट ८ होतो. यू तोच राहिला तरी क्षेत्रफळ दीडपट. पण नुसत्या प्लेटा वाढवल्या की प्रत्येक चॅनलमधला वेग पडतो, ड्रॉप कमी होतो, आणि त्याबरोबर यूसुद्धा घसरतो. मग दीडपटीतही भागत नाही. उंच प्लेट घेतली तर ड्रॉप चढतो. व्हेंडर दोन पास सुचवतोय, पण मग मागच्या प्लेटलाही पाइप येणार आणि दर सफाईला ते सोडवत बसावं लागणार. मला तो प्रकार नकोच.

एएचयूचे कॉइल ७ अंशांवर निवडलेत, म्हणून १.५ पुरेसा आहे असं माझं मत. तरी १ च हवा असेल, तर एका पासमध्ये ड्रॉप किती केपीएपर्यंत सोडावा? कोणी असं युनिट चालवलंय का?