अनुभव धागा : शिष्यवृत्तीसाठी घरी केलेली कोड्यांची कार्डे

सांजवात
काल माळा आवरताना लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या कार्डांचा गठ्ठा सापडला आणि लेकीचे पाचवीच्या शिष्यवृत्तीचे वर्ष आठवले. शाळेच्या गणिताच्या आणि बुद्धिमत्तेच्या सरावाच्या पुस्तकांतली उदाहरणे घेऊन आणि त्यांतले आकडे बदलून मी ती कार्डे केली होती. आधी प्रकरणानुसार गठ्ठे केले, तेव्हा ती भराभर बरोबर उत्तरे देत असे. पण सगळी कार्डे एकत्र पिसली, त्या दिवशी जवळजवळ निम्मी चुकली. गठ्ठ्यावरचे नावच तिला रीत सांगत होते, त्यामुळे प्रश्न नीट वाचण्याची तिला गरजच पडत नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

चार कार्डांनी तिला फार अडवले. १०० मीटर सरळ रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोके धरून, दर ५ मीटरवर झाड लावले तर २१ झाडे लागतात. १०० मीटर परिघाच्या गोल तळ्याभोवती मात्र २०च लागतात. २० मीटर कापडाचे दोन-दोन मीटरचे तुकडे करायला ९ वेळा कापावे लागते. रांगेत एक मुलगा डावीकडून १२वा आणि उजवीकडून ९वा असेल, तर एकूण मुले २० असतात. तिचा भागाकार चुकत नसे. शेवटी एक मिळवायचा, वजा करायचा की काहीच करायचे नाही, तेथे ती अडे. मग मी तिला तेच कोडे लहान आकड्यांत मांडायला लावले : १० मीटर रस्ता, दर ५ मीटरवर झाड, म्हणजे कागदावर तीन टिंबे. तुम्ही घरी काय केले, ते जरूर लिहा.

पाटीपेन्सिल
रांगेच्या प्रश्नात दोन्ही क्रमांकांची बेरीज करून एक वजा करायचा, एवढे पाठ असले की पुरते. आमच्या मुलाचे तेवढ्यावर भागले. शिवाय गणित पहिल्या पेपरात आणि बुद्धिमत्ता दुसऱ्या पेपरात असताना दोन्ही विषयांची कार्डे एकत्र पिसण्याचे कारण मला समजले नाही.

पारंबी
ताई, एकच मुलगा दोन्ही टोकांकडून मोजला असेल, तेव्हाच ते सूत्र चालते, कारण तो दोनदा मोजला जातो. मुले दोन असली की ते उपयोगी पडत नाही. मी अनेक वर्षे चौथी-पाचवीला शिकवले आहे आणि हीच चूक सर्वाधिक पाहिली आहे. २५ मुलांच्या रांगेत आशा डावीकडून १०वी आणि रवी उजवीकडून ८वा असेल, तर मधली मुले २५ वजा १८, म्हणजे ७. हीच रांग १५ मुलांची केली, तर रवी डावीकडून ८व्या जागी येतो, म्हणजे तो आशाच्या अलीकडे सरकतो, आणि दोघांमध्ये एकच मूल उरते. बेरीज एकूण मुलांपेक्षा जास्त आली की दोघांनी एकमेकांना ओलांडले, एवढे मुलाला दिसले पाहिजे. पेपर वेगळे असले, तरी एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असतात, आणि पुढचा प्रश्न कोणत्या प्रकरणातला आहे हे तेथे लिहिलेले नसते.

कृष्णाकाठ
आमच्याकडे याच प्रकारच्या कार्डावरून वाद झाला. मी लिहिले होते : आशा डावीकडून १०वी, रवी उजवीकडून ८वा, मध्ये ४ मुले, तर एकूण किती? माझ्या मनात २२ हे उत्तर होते. मुलाने १२ लिहिले आणि मी ते चूक ठरवले. त्याने बारा टिंबे काढून दाखवली : रवी डावीकडून पाचवा, आशा दहावी, मध्ये बरोबर चार. मी त्याची माफी मागितली. पुस्तकातले आकडे बदलताना प्रश्न अपुरा होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळले. आता मी प्रत्येक कार्ड दुसऱ्या दिवशी, मागचे उत्तर न पाहता, स्वतः सोडवते.

दीपमाळ
ही कार्डे कोणत्या दुकानात मिळतील? माझी मुलगी सेमी इंग्रजीला आहे, तर ती इंग्रजीत हवीत का?

सांजवात
दीपमाळ, ही विकत मिळणारी नाहीत, घरीच लिहिलेली आहेत. मुलगी वर्गात ज्या भाषेत गणित शिकते, त्याच भाषेत लिहा, कारण 'डावीकडून', 'दरम्यान' आणि 'दोन्ही टोकांसह' या शब्दांवरच उत्तर फिरते.

कृष्णाकाठ, ते कार्ड तुम्ही फाडले का? मी असते तर ठेवले असते.

पारंबी
पर्यायांत २२ आणि १२ दोन्ही असतील, तर ते काढून टाका. एकच असेल तर ठेवा. परीक्षेच्या ऐन आदल्या आठवड्यात मात्र असे कार्ड मी मुलापुढे ठेवणार नाही.

कृष्णाकाठ
मी ते ठेवले आहे. पर्याय अजून लिहिलेले नाहीत.