मुलांचे वायरलेस हेडफोन: ‘कमाल ८५ डेसिबल’ ही मर्यादा खरंच पाळली जाते का?

केतकी_म
मुलगी ७ वर्षांची आहे. तिच्यासाठी पूर्ण कान झाकणारे वायरलेस हेडफोन घेतलेत, खोक्यावर ‘कमाल ८५ डेसिबल’ छापलंय. रोज साधारण दीड तास आयपॅडवर गोष्टी आणि कार्टून चालतात. ब्लूटूथवर आवाज बेताचा वाटतो, पण चार्जिंग संपलं की ती सोबतची केबल लावते आणि मग तो चांगलाच मोठा येतो. हेच ठेवू की बदलू? आणि आयपॅडमधूनच आवाजाला लगाम घालता येतो का?

सुहास७१
८५ डेसिबल रोज ८ तास चालतात, हा जुना आणि सर्वमान्य नियम आहे. तुमचा तर दीडच तास आहे. निर्धास्त राहा.

ध्वनिमापक
सुहासजी, आकडा बरोबर आहे, पण तो कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ठरवलेला आहे. इतकं करूनही काही कामगारांची श्रवणशक्ती कमी होणार, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. मुलांना तो लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांचं ऐकण्याच्या उपकरणांसाठी २०१८ पासूनचं मानक आहे. त्यात मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल धरलेत, दोन्ही आठवड्याला ४० तास.

आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ७५ वरून ८५ वर गेलात तर ऊर्जा दहापट, म्हणजे ४० तासांचे उरले ४. केतकीताईंची मुलगी आठवड्याला साडेदहा तास ऐकते. सगळा वेळ आवाज ८५ च्या छताला टेकलेला असेल, तर मुलांच्या मर्यादेच्या अडीचपट होतं. ८० वर मात्र साडेबारा तासांच्या आसपास मुभा मिळते, त्यात तिचे साडेदहा बसतात. कार्टूनमध्ये संवाद असतात, मधे शांतता असते, त्यामुळे सरासरी छतापेक्षा खाली राहते. पण ‘८५ लिहिलंय म्हणजे कितीही वेळ चालेल’ असा अर्थ त्यातून निघत नाही. खोक्यावर फक्त पातळी लिहिलेली असते, वेळ कुणीच लिहीत नाही.

आता केबलबद्दल. ब्लूटूथवर आवाज आकड्यांच्या रूपात येतो. हेडफोनमधली चिप तो उलगडते आणि आतला छोटा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर हलवतो. मर्यादा इथेच घातलेली असते: अ‍ॅम्प्लिफायर ठरावीक पातळीपुढे वाढूच द्यायचा नाही. आयपॅडवरची आवाजाची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली तरी हे छत हलत नाही. केबल लावली की बऱ्याच मॉडेलांत चिप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूला पडतात आणि आयपॅडचा विद्युत्प्रवाह थेट स्पीकरपर्यंत जातो. छत गेलं. काही कंपन्या यासाठी केबलमध्येच रेझिस्टर, म्हणजे विद्युत्प्रवाह अडवणारा छोटा भाग, बसवतात. ती केबल हरवून साधी जोडली की तोही उपाय संपला.

रानवारा
आमच्या भाच्यासाठी नॉइज कॅन्सलिंगवाले घेतले, तेव्हापासून बाहेरचा आवाज कानाला लागतच नाही. तुम्हीही तेच घ्या, सुरक्षित आहेत.

अपर्णा_श्रवण
रानवारा, केतकीताईंचा प्रश्न हेडफोनमधून येणाऱ्या आवाजाचा आहे. बाहेरचा आवाज कापल्याने आतला आपोआप कमी होत नाही. पण तुमच्या मुद्द्यात उपयोगाचं काहीतरी आहे. गाडीत किंवा गोंगाटात मूल आवाज वाढवतं ते बाहेरचं झाकण्यासाठी. गादी कानाभोवती नीट बसली तर ते वाढवणं कमी होतं. गादीला भेग पडली किंवा मध्ये चष्म्याची दांडी आली की फट राहते, खर्ज निसटतो आणि मूल पुन्हा आवाज वाढवतं.

आयपॅडवर असं करा: `Settings → Sounds → Headphone Safety` मध्ये `Reduce Loud Audio` चालू करा आणि पट्टी ७५ वर आणा. त्याखाली ती जात नाही. मग `Screen Time → Content & Privacy Restrictions` मध्ये `Reduce Loud Audio` शोधून `Don't Allow` निवडा आणि `Screen Time` चा पासकोड ठेवा. हे केलं नाही तर मूल एका मिनिटात पट्टी वर नेतं. आणखी एक जागा हमखास सुटते. `Settings → Bluetooth` मध्ये हेडफोनच्या नावापुढच्या (i) वर जाऊन `Device Type` ला `Headphone` निवडा. तिथे स्पीकर नोंदलेला असेल, तर आयपॅड त्याला हेडफोन समजतच नाही आणि मर्यादा लागू होत नाही.

दुसऱ्या कंपनीच्या हेडफोनमधून नेमका किती आवाज निघतो, हे आयपॅडला कळत नाही, तो अंदाज बांधतो. म्हणून ७५ निवडलं तरी कानाशी ७० किंवा ८० असू शकतात. हेडफोनचं छत आणि आयपॅडचं छत, दोन्ही ठेवायचं ते यासाठी.

सुहास७१
मुलांचा नियम वेगळा आहे हे ठाऊक नव्हतं. अँड्रॉइडवर काय करायचं?

ध्वनिमापक
सॅमसंगवर `Sounds and vibration → Volume` मध्ये वरच्या तीन टिंबांत `Media volume limit` आहे, त्याला पिन लावता येतो. पण ती मर्यादा पट्टीची असते, डेसिबलची नाही. निम्म्यावर ठेवली तर एका हेडफोनमध्ये आवाज कमी पडेल आणि दुसऱ्यात जास्त होईल, म्हणून हेडफोन बदलला की ती नव्याने ठरवायची. आवाज वाढवणारी अ‍ॅप आणि ‘बास बूस्ट’ बंद ठेवा. स्वस्त हेडफोनमधलं छत वाढीव आवाज मोजत नाही, फक्त वाढीचं प्रमाण बांधतं. त्यामुळे आधीच फुगवलेला आवाज आत आला तर तो ठरलेल्या पातळीच्या पुढे जातो.

केतकीताई, केबलचा फरक घरी मोजता येतो. गादीएवढा पुठ्ठा कापा आणि मधोमध भोक पाडा. दुसऱ्या फोनचं कव्हर काढून त्याचा माइक भोकाला लावा, वरून हेडफोनचा एक कप दाबून ठेवा. आयपॅडवर पिंक नॉइजची, म्हणजे एकसारख्या खरखरीची, एकच फाइल पूर्ण आवाजात लावा, `Reduce Loud Audio` तेवढ्यापुरतं बंद. आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ए-वेटिंग, म्हणजे माणसाच्या कानाला जुळणारी मोजणी, निवडून ३० सेकंदांची सरासरी घ्या, आधी ब्लूटूथवर, मग केबलवर. मिळालेल्या आकड्यावर विसंबू नका, फोनच्या माइकची चूक ५ डेसिबलही असते. फरक मात्र भरवशाचा. पुठ्ठा तोच, दाब तोच हवा. पट्टी बरीच खाली आणूनही आकडा हलत नसेल, तर माइकची मोजण्याची कमाल गाठली गेलीय, ते अ‍ॅप सोडा.

केतकी_म
मोजलं. ब्लूटूथवर ८२, केबलवर ९३. तीनदा घेतलं, एखाद-दुसऱ्या डेसिबलने इकडेतिकडे. आयपॅडवर ७५ लावून कुलूपही घातलं, पण एका मालिकेत संवाद फार हळू आहेत, ती तक्रार करते.

अपर्णा_श्रवण
११ डेसिबलचा फरक म्हणजे केबलवर मर्यादा जवळपास नाहीच. ती केबल तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्या मालिकेसाठी पट्टी ८० करा, तिच्या साडेदहा तासांत ते बसतं. पण ती मालिका शांत खोलीतच बघू द्या.

ध्वनिमापक
मी ७५ वरच ठेवेन. आयपॅडचा अंदाज चुकीच्या बाजूला गेला तर ८० चे ८५ होतात, आणि ब्लूटूथचे ते ८२ खरे किती हे या पुठ्ठ्यावरून ठरत नाही. मालिकेच्या अ‍ॅपमध्ये संवाद उठावदार करण्याची सोय असेल तर आधी ती लावून बघा.

अपर्णा_श्रवण
त्या सोयीत काही अ‍ॅप संगीत दाबतात, काही सगळाच आवाज वर उचलतात. ती लावून पुठ्ठ्यावर त्याच प्रसंगाचं मोजमाप पुन्हा घ्या. आकडा वर गेला तर फायदा नाही.