मदत हवी आहे: पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी घोषवाक्य

पानोपानी
नमस्कार. आम्ही काही वाचक मिळून पुस्तकांची अदलाबदल भरवतो. आपली वाचून झालेली पुस्तकं आणायची आणि जितकी आणली तितकी दुसऱ्यांची घेऊन जायची. पैशांचा संबंध नाही.

मागच्या खेपेला फलकावर लिहिलं होतं, 'जुन्या पुस्तकांना नवं आयुष्य द्या'. ओळ आम्हा सगळ्यांना आवडली होती. प्रत्यक्षात टेबलावर आली ती अभ्यासक्रम बदलल्यामुळे बाद झालेली गाईडं, मुखपृष्ठ फाटलेल्या कादंबऱ्या आणि आता कुठल्याच संगणकावर न चालणाऱ्या प्रणाल्यांची पुस्तकं. चांगलं वाचणारे लोक आले, पण चाळून निघून गेले. एक बाई मुलीला म्हणाल्या, "हे राहू दे, आपण नवीन घेऊ." मुलीच्या हातात तेव्हा एक उत्तम अनुवाद होता, पानही दुमडलेलं नव्हतं. ते डोक्यातून जात नाही.

आता नवी ओळ हवी आहे. इथून पुस्तक नेणाऱ्याला आपण चतुराईने वागलो असं वाटावं, तडजोड केली असं वाटू नये. आमच्याकडे सध्या तीन आहेत: 'जुनं ते सोनं', 'वापरलेलं म्हणजे कमी नाही' आणि 'झाडं वाचवा, पुस्तकं फिरवा'. कुठली घ्यावी?

शाईचा डाग
दुसरी घ्या. प्रामाणिक आहे. एव्हिस या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने १९६२ साली आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत असं जाहिरातीतच सांगून टाकलं होतं आणि ती जाहिरात गाजली. उणीव लपवण्यापेक्षा उघड सांगावी, लोक विश्वास ठेवतात.

मोडी लिपी
शाईचा डाग, उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच. एव्हिसचं पुढचं वाक्य होतं, म्हणून आम्ही जास्त कष्ट घेतो. दुसरा क्रमांक हे ग्राहकाच्या फायद्याचं कारण झालं. 'वापरलेलं म्हणजे कमी नाही' इथे ते 'म्हणून' नाहीच. शिवाय नकार दिला की नाकारलेली गोष्ट आधी मनात येते. जिला कमीपणाची शंकाही नव्हती, तिला आपणच ती सुचवतो.

पानोपानी, मी बरीच वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला आहे. तुमच्या जुन्या ओळीने तिचं काम चोख केलं, असं मला वाटतं. 'नवं आयुष्य द्या' म्हटलं की पुस्तक आजारी ठरतं आणि आणणारा दाता. दान म्हटलं की माणूस नको असलेलं काढतो, म्हणून गाईडं आली. नेणाऱ्याबद्दल त्या ओळीत एक शब्द नव्हता. तो फलक वाचून माणूस पुस्तक न्यायला येणार कसा?

तुमच्या तिन्ही ओळींत वाक्याचा कर्ता बघा. पहिल्या दोन्ही ओळींत पुस्तक आपली बाजू मांडतंय. तिसरीत वाचक आहे, पण त्याच्या डोक्यावर कर्तव्य आहे. चतुर वाटायला हवा वाचक, तर वाक्यात काही करणारा आणि काही मिळवणारा तोच हवा.

चांदोबा७
माझ्याकडे शाळेच्या पुस्तकांचे तीन खोके आहेत, काहींना कसर लागली आहे. ती विकायची तर काय किंमत सांगावी? की तुमच्याकडे आणू?

पानोपानी
चांदोबा, आमच्याकडे विक्री नसते. आणि कसर लागलेली कृपया कुठेच आणू नका, बाकीच्या पुस्तकांना लागते. चांगली वेगळी काढून ज्यांना तोच अभ्यासक्रम आहे त्यांना थेट द्या.

मोडी लिपी, कर्त्याचा मुद्दा पटला. रात्री बसून या लिहिल्या:
'पुस्तक वाचलं, पैसेही वाचले.'
'कपाट तेच, पुस्तकं नवी.'
'वाचलं ते द्या, वाचायचं ते न्या.'

गोधडी
पहिली फारच छान! 'वाचणे'चे दोन्ही अर्थ एका ओळीत. आमच्या लहान मुलांच्या कपड्यांच्या अदलाबदलीत आम्ही बचतीवरच भर दिला होता आणि गर्दी झाली.

मोडी लिपी
गोधडी, कपड्यांचं वेगळं आहे. मूल महिन्यांत वाढतं, त्यामुळे तिथे बचत हाच शहाणपणा, सगळे मान्य करतात. पुस्तकाच्या बाबतीत 'पैसे वाचले' म्हटलं की 'परवडत असतं तर नवीन घेतलं असतं' हे मागून येतं. श्लेष सुंदर आहे, पण त्यातला दुसरा अर्थ आपल्याला परत काटकसरीकडे ओढतो.

तिसरी ओळ मला फार मोलाची वाटते. तुम्ही जुनं-नवं ही विभागणीच काढून टाकली आणि वाचलेलं-न वाचलेलं अशी केलीत. जुनेपणा कागदाचा असतो. न वाचलेलं पुस्तक वाचकाला नवंच असतं, मग ते कुणाच्या कपाटातून का आलेलं असेना. हे ओळ सांगत नाही, गृहीत धरते. म्हणून वाद घालायला जागा उरत नाही.

निवडण्याआधी एक करा. या ओळी माहिती नसलेल्या पाच जणांना वाचून दाखवा. आवडली का, हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. "इथे येताना काय आणाल?" एवढंच विचारा. तासाभराने ओळ म्हणायला सांगा.

पानोपानी
विचारून आले. 'कपाट तेच, पुस्तकं नवी' ऐकून दोघांना फर्निचरची जाहिरात वाटली. एकाने विचारलं, नवीन पुस्तकं सवलतीत आहेत का? पण तासाभराने पाचही जणांना ती तोंडपाठ होती.

'वाचलं ते द्या, वाचायचं ते न्या' ऐकल्यावर पाचही जणांनी काय करायचं ते बरोबर सांगितलं. चौघांनी आवडलेल्या एखाद्या पुस्तकाचं नाव घेतलं. गाईड कुणी म्हणालं नाही! आठवण मात्र तिघांनाच राहिली, आणि दोघांपैकी एकाने 'वाचलेलं द्या, नवं न्या' असं म्हटलं.

मोडी लिपी
मग फलकावर 'वाचलं ते द्या, वाचायचं ते न्या'. 'कपाट तेच' ही ओळ वाचनखुणेवर छापा. खूण पुस्तकाबरोबर घरी जाते, तिथे अदलाबदल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फलकाला जाड ठशाचं अक्षर वापरू नका. 'द्या' आणि 'न्या' लांबून गचाळ होतात, आणि सगळा खेळ त्या दोन अक्षरांवर आहे.

शाईचा डाग
माझा मुद्दा सोडत नाही. नुसतं द्या-न्या यात चतुराई कुठे आहे? सूचना झाली ती. नवीन पुस्तकापेक्षा इथलं सरस का, हे कुठेतरी यायला हवं. तेच तुमचं 'म्हणून'.

मोडी लिपी
हे बरोबर पकडलंत. सरस आहे, कारण कुणीतरी ते वाचून पारखलेलं आहे. खाली लहान अक्षरात 'प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी पसंतीचं' असं येऊ शकतं. पण टेबलावर एक जरी बाद गाईड दिसलं तरी ती ओळ खोटी पडेल.

पानोपानी
म्हणजे आणणाऱ्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायची: हे पुस्तक मी मित्राला का देईन. चिठ्ठी लिहिता येत नसेल तर पुस्तक परत न्यायचं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की चिठ्ठीच्या त्रासाने माणसं येणारच नाहीत. मला वाटतं आधी थोडी पुस्तकं आली तरी चालतील, पण त्याला ते पटत नाही. कुणी असं करून पाहिलंय का?

गोधडी
कपड्यांना चिठ्ठी नव्हती, पण डाग असलेले परत करायचो. पहिल्यांदा दोघी रागावल्या. पुढच्या वेळी त्यांनीच सगळ्यात चांगले आणले. पुस्तकांचं असंच होईल का, सांगू शकत नाही.