लक्ष्मीपूजनाचा संदेश एक दिवस आधी गेला : तारीख गणितानं काढावी की पंचांगातून टिपावी?

मेधा_क
आमच्या मंडळाच्या सभासदांना सणाच्या दिवशी सकाळी सात वाजता शुभेच्छांचा संदेश आपोआप जातो. लोक पुणे, लंडन, न्यू जर्सी असे विखुरलेले आहेत. मी तिथी काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि वर्षभराच्या तारखा आधीच लावून ठेवल्या. 2025 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा संदेश सगळ्यांना 20 ऑक्टोबरला गेला. पुण्यात पूजन 21 ला होतं, त्यामुळे दिवसभर फोन येत राहिले. अमावास्येच्या वेळा मी ताडून पाहिल्या, त्या बरोबर होत्या. मग चुकलं कुठे? आणि पुढच्या वर्षापासून गणित सोडून पंचांगातूनच तारखा उतरवून घेऊ का?

अनिरुद्ध_सांगली
गणित अजिबात सोडू नका. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी संपते, एवढाच हिशोब आहे. दोघांच्या स्थानांची वजाबाकीच करायची असल्यामुळे राशींची सुरुवात कुठून मोजायची, हा अयनांशाचा वादही इथे येत नाही.

```python
import swisseph as swe

def tithi(jd_ut):
    moon = swe.calc_ut(jd_ut, swe.MOON)[0][0]
    sun = swe.calc_ut(jd_ut, swe.SUN)[0][0]
    return int(((moon - sun) % 360) // 12) + 1
```

उत्तर 30 आलं की अमावास्या. तुम्ही बहुधा सूर्यास्ताची तिथी पाहिलीत. सूर्योदयाची पाहा, पुण्यासाठी 21 च येईल. उदयतिथी धरली की प्रश्न मिटला.

घटिकापात्र
अनिरुद्ध, कोड बरोबर आहे, पण सूर्योदयाचा नियम इथे योगायोगानं जुळला. 2022 आठवा. तेव्हा अमावास्या 24 ऑक्टोबरला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लागली आणि 25 ला सव्वाचारला संपली. सूर्योदयाची अमावास्या 25 ला होती, त्याच दिवशी सूर्यग्रहणही होतं. पूजन मात्र सगळ्यांनी 24 ला केलं, कारण लक्ष्मीपूजन हे प्रदोषकाळाचं कर्म आहे, त्याला सूर्यास्तानंतरची अमावास्या लागते. पाडव्याला सूर्योदय पाहतात, गणेश चतुर्थीला मध्यान्ह, जन्माष्टमीला मध्यरात्र. प्रत्येक सणाची वेळ वेगळी आहे, ती प्रोग्रामला वेगळी सांगावी लागते.

आणि जिथे उदयतिथीच चालते, तिथेही ती फसते. 2026 चा गुढीपाडवा घ्या. 19 मार्चला पुण्यात सूर्योदय साधारण 6:40 ला, तेव्हा अमावास्या चालू. प्रतिपदा 6:53 ला लागते आणि 20 ला पहाटे पाच वाजण्याच्या आत संपते. 20 च्या सूर्योदयाला द्वितीया. म्हणजे चैत्राच्या प्रतिपदेला सूर्योदयच मिळत नाही, ती क्षयतिथी आहे. पाडवा 19 लाच. पण `tithi == 1` शोधणारा प्रोग्राम मार्चमध्ये काहीच सापडलं नाही म्हणून पुढे जाईल आणि थेट 18 एप्रिलला, वैशाखाच्या प्रतिपदेला थांबेल.

उलट बाजूही पाहा. न्यू जर्सीत 2025 ची अमावास्या 20 ऑक्टोबरला सकाळी सव्वासहाला लागली आणि 21 ला 8:25 ला संपली. तिथे सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो. दोन्ही सूर्योदयांना अमावास्या, म्हणजे तुमच्या नियमानं तिथे दोन लक्ष्मीपूजनं होतील.

अनिरुद्ध_सांगली
2022 चं मान्य, क्षयाचंही. मग प्रत्येक सणाचा काळ कोडमध्ये घालू. पण सूर्यास्त धरला तर 2025 ला पुण्यासाठी 20 च येते, म्हणजे मेधाताईंचा प्रोग्राम बरोबर आणि पंचांग चूक, असं म्हणायचं का?

घटिकापात्र
नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे. पुण्यात 21 ऑक्टोबर 2025 ला अमावास्या 5:55 ला संपली, सूर्यास्त 6:08 च्या सुमारास. तेरा मिनिटं कमी पडली. त्याआधीच्या वर्षी, 1 नोव्हेंबर 2024 ला, अमावास्या 6:17 ला संपली आणि सूर्यास्त 6:02 ला होता, म्हणजे पंधरा मिनिटं जास्त होती. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी दोन्ही वर्षी दुसरा दिवस घेतला, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी दोन्ही वर्षी पहिला घेतला. 2025 साठी आपल्याकडे आधार दिला गेला तो असा, की दुसऱ्या दिवशी अमावास्या साडेतीन प्रहरांहून जास्त आहे आणि पुढची प्रतिपदा अमावास्येपेक्षा मोठी आहे. मी मोजून पाहिलं. अमावास्या 26 तास 10 मिनिटांच्या जवळपास, प्रतिपदा त्याहून दहा-बारा मिनिटांनी मोठी. अट बसते. पण पहिल्या दिवशी प्रदोषात भरपूर अमावास्या असताना ही अट पुढे आणायची का, यावर जाणत्यांचंच एकमत नाही. हा निवाडा आहे, तो ग्रहांच्या स्थानांतून निघत नाही.

सुलभा_रत्नागिरी
म्हणूनच म्हणते, छापील पंचांग घ्या आणि निमूट उतरवा. मात्र कोणतं, हे आधी विचारा. आमच्या घरी टिळक पंचांग चालतं. कधीकधी अधिक महिना इतरांपेक्षा वेगळा धरला जातो आणि आमचे गणपती महिनाभर आधी येतात. मग गावातल्या मंडळांच्या गणेश चतुर्थीला आम्हाला शुभेच्छा येतात, तेव्हा आमचं विसर्जन होऊन गेलेलं असतं. पाठवणाऱ्याला काय सांगणार? त्याच्या मनात प्रेमच असतं, पण आईला ते दरवेळी लागतं.

विनय७१
संक्रांतीचंही हेच. कधी 14, कधी 15. तिथीच्या प्रोग्राममध्ये तीही घालून टाका.

घटिकापात्र
विनयदादा, संक्रांत चंद्रावर नाही. सूर्य मकरेत शिरतो तो क्षण आहे, तिथे तिथी कामाची नाही. आणि तिथे अयनांश नक्की लागतो.

मेधाताई, मी गणित टाकून देणार नाही, त्याचं काम बदलेन. प्रत्येक गावासाठी तिथीची सुरुवात आणि शेवट काढा, सणाचा काळ त्यावर ठेवून पाहा. एकच दिवस बसला आणि तिथीची कड त्या काळापासून एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं, तरी दूर असेल तर तारीख घ्या. एकही दिवस बसला नाही, दोन बसले किंवा कड जवळ आली, तर प्रोग्रामनं संदेश लावायचाच नाही, तुम्हाला नाव कळवायचं. 2022 सुरळीत जातं. 2024 आणि 2025 दोन्ही अडतात, 2026 चा पाडवाही अडतो. अडलेल्या तारखा माणसानं पंचांग उघडून भरायच्या. माझ्या अनुभवात वर्षाला दोन-तीनच निघतात.

अनिरुद्ध_सांगली
दोन-तीनसाठी माणूस बसवायचा असेल तर सगळ्याच तारखा हातानं भरा ना. वर्षाला वीस ओळी होतील.

सुलभा_रत्नागिरी
वीस ओळी भरताना एक तारीख चुकीची टंकली तर ती कोण पकडणार? तिथे गणित हवंच. एवढं मीही मानते.

परदेशस्थ_एडिसन
न्यू जर्सीच्या गणितानं आमचं पूजन 20 ला यायला हवं होतं, आणि इथल्या देवळात ते 20 लाच झालं. पण आमच्या स्वयंपाकघरात पुण्याहून आणलेलं कॅलेंडर आहे, आई फोनवर होती, आम्ही 21 ला संध्याकाळी पूजा केली. तेव्हा इथे प्रतिपदा लागून कितीतरी तास झाले होते. शेजारचे इंदूरचे मराठी कुटुंब 20 वालं. गावावरून तुम्हाला माझी तारीख कळणार नाही.

मेधा_क
घटिकेची अट आजच घालते. सभासदांच्या यादीत गावाबरोबर पंचांगाचा रकाना वाढवते आणि प्रत्येकाला एकदा विचारून घेते. न्यू जर्सीच्या दोन घरांनी रकाना रिकामा ठेवला तर काय करायचं, ते मात्र अजून कळत नाही. देवळाची तारीख धरू की पुण्याची?

परदेशस्थ_एडिसन
मला विचाराल तर पुण्याची. माझ्या बायकोला विचाराल तर देवळाची.